नवा पंप घ्यायच्या आधी: पंप आणि पाइपलाइन कुठं जुळतात ते कागदावर काढा



फेब्रुवारी संपत आला की कंपनीच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. "पाणी कमी पडतंय, पाचाचा पंप काढून साडेसातचा टाकू का?" प्रश्न साधा वाटतो, पण एचपीवरून त्याचं उत्तर देता येत नाही. तोच ५ एचपीचा पंप एका शेतात सेकंदाला ६ लिटर पाणी देतो आणि शेजारच्या शेतात ४ लिटर. पंपात खोट नसते. दोघांची पाइपलाइन वेगळी असते.

तुमच्या शेतात किती पाणी पडणार हे पंप आणि पाइप मिळून ठरवतात. ते कसं ठरतं, हे वहीच्या एका पानावर काढता येतं. आज आपल्याच एका सभासदाच्या विहिरीचं गणित घेऊ. जरा लांब आहे, पण सावकाश वाचा. पंपाच्या दुकानात जायच्या आधी तर नक्की वाचा.

*विहीर, हौद आणि अडचण*

तीन एकर डाळिंब आणि तीन एकर उन्हाळ कांदा. विहीर खालच्या अंगाला, हौद वरच्या रानात. विहिरीवर ५ एचपीचा ओपनवेल पंप, तिथून हौदापर्यंत ६३ मिमीची ४ किलो दाबाची पीव्हीसी लाईन, लांबी ३६० मीटर. हौदातून पुढं ड्रिपला पाणी जातं.

कडक उन्हात दोन्ही पिकांना मिळून सरासरी एकरी २५ हजार लिटर धरलं, तर सहा एकराला रोज दीड लाख लिटर लागतं. लाईट आठ तास. म्हणजे पंपानं सेकंदाला किमान ५.२ लिटर पाणी हौदात टाकायला हवं. प्रत्यक्षात हौदावर २०० लिटरचा बॅरल भरायला ४६ सेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला ४.३ लिटरच्या आसपास. आठ तासांत सव्वा लाख लिटर. रोज पंचवीस हजार लिटर, म्हणजे एका एकराचं पाणी, कमी पडतंय.

दुकानदारानं साडेसात एचपीचा पंप सुचवला होता. तो घ्यायच्या आधी आपण कागद काढला.

*पहिली रेघ: पंप काय देऊ शकतो*

पंपासोबत येणाऱ्या पत्रकात एक तक्ता असतो. एका बाजूला हेड (मीटर), दुसऱ्या बाजूला डिस्चार्ज (लिटर प्रति सेकंद किंवा लिटर प्रति मिनिट). पत्रक हरवलं असेल तर मॉडेल नंबर सांगून विक्रेत्याकडून परत मागून घ्या. हाच तक्ता वहीत रेघेनं काढला की त्याला पंप कर्व्ह म्हणतात. आडव्या बाजूला पाणी, उभ्या बाजूला हेड.

या पंपाचा तक्ता असा होता:

पाणी ० लि./सेकंद : हेड ५० मी.
२ लिटर : ४८ मी.
३ लिटर : ४६ मी.
४ लिटर : ४३ मी.
५ लिटर : ३९ मी.
६ लिटर : ३४ मी.
७ लिटर : २८ मी.

रेघ डावीकडून उजवीकडे उतरत जाते. पाणी जास्त घ्याल तसं हेड कमी मिळतं. बैलगाडीत माल वाढला की चाल मंदावते, तसंच.

पहिल्या ओळीकडं नीट बघा. ५० मीटर हेड आहे, पण पाणी शून्य. "हा पंप ५० मीटर पाणी उचलतो" असं कुणी सांगितलं तर त्याचा अर्थ इतकाच, की ५० मीटरवर पाणी नळीत उभं राहील, बाहेर पडणार नाही. म्हणून जास्तीत जास्त हेडचा आकडा बघून पंप घेऊ नका. तुमच्या कामाच्या हेडला किती लिटर मिळतात, ती ओळ शोधा.

*दुसरी रेघ: पाइपलाइन काय मागते*

पाइपलाइनची मागणी दोन भागांची असते.

पहिला भाग उंचीचा. विहिरीतल्या पाण्याच्या पातळीपासून हौदात पाणी पडतं तिथपर्यंतची उभी उंची. या विहिरीत पाणी काठापासून १२ मीटर (४० फूट) खाली होतं आणि हौदाचं तोंड विहिरीच्या काठापेक्षा १२ मीटर वर. एकूण २४ मीटर. पाणी थेंबभर चढवा नाहीतर धो धो, हे २४ मीटर द्यावेच लागतात.

विहिरीतलं पाणी दोरीला दगड बांधून मोजता येतं. रानाची उंची कशी मोजायची? त्याची एक सोपी युक्ती आहे. विहिरीच्या काठावर डिलिव्हरी पाइपला प्रेशर गेज बसवा. लाईन भरून पाणी हौदात पडायला लागलं की पंप बंद करा. एनआरव्ही पाणी धरत असेल आणि गेज त्याच्या पुढं, रानाच्या बाजूला असेल, तर पाइप भरलेला राहतो आणि गेज हौदाच्या उंचीचा दाब दाखवतं. १ किलो म्हणजे १० मीटर. इथं गेजनं १.२ किलो दाखवले, म्हणजे १२ मीटर. काटा हळूहळू उतरायला लागला तर एनआरव्ही किंवा लाईन कुठंतरी गळतेय, हेही त्यातच कळतं.

दुसरा भाग घर्षणाचा. पाणी पाइपच्या भिंतीला घासत जातं, त्यात हेड खर्च होतं. ६३ मिमीच्या पीव्हीसी पाइपमध्ये दर १०० मीटरला साधारण इतका खर्च होतो:

२ लि./सेकंद : १ मी.
३ लिटर : २.२ मी.
४ लिटर : ३.७ मी.
५ लिटर : ५.६ मी.
६ लिटर : ७.९ मी.

२ लिटरला १ मीटर, आणि पाणी दुप्पट करून ४ लिटर केलं की ३.७ मीटर. पाणी दुप्पट, घर्षण जवळजवळ चौपट. पाइपलाइनचा सगळा खेळ या एका गोष्टीत आहे. दुसऱ्या मापाच्या पाइपसाठी असाच तक्ता पाइप विक्रेत्याकडं मिळतो.

आपली लाईन ३६० मीटर. बेंड, व्हॉल्व्ह, एनआरव्ही आणि विहिरीतला उभा पाइप यांचं घर्षण मिळून आणखी ४० मीटर पाइपइतकं धरलं. एकूण ४०० मीटर. म्हणून वरच्या आकड्यांना ४ ने गुणायचं आणि त्यात उंचीचे २४ मिळवायचे. २ लिटरला ४ + २४ = २८ मीटर, ४ लिटरला १५ + २४ = ३९ मीटर, असं.

*दोन्ही रेघा एका पानावर*

आता पाइपची मागणी आणि पंपाची ताकद शेजारी शेजारी मांडू.

२ लि./सेकंद : पाइप मागतो २८, पंप देतो ४८
३ लिटर : मागतो ३३, देतो ४६
४ लिटर : मागतो ३९, देतो ४३
५ लिटर : मागतो ४६.५, देतो ३९
६ लिटर : मागतो ५५.५, देतो ३४

४ लिटरला पंपाकडं ४ मीटर शिल्लक राहतात. ते शिल्लक हेड पाण्याला आणखी ढकलतं, म्हणून पाणी वाढतं. ५ लिटरला मात्र पाइप ४६.५ मागतो आणि पंपाकडं ३९ च आहेत. तितकं पाणी जाऊच शकत नाही, वेग उतरतो. या ओढाताणीत पाणी आपोआप एका जागी स्थिर होतं. जिथं पंपाची उतरती रेघ आणि पाइपची चढती रेघ एकमेकींना कापतात, ती ही जागा. तिला ऑपरेटिंग पॉइंट म्हणतात.

वहीत दोन्ही रेघा काढल्या तर त्या ४.३ ते ४.४ लिटर आणि साधारण ४१.५ मीटरवर मिळतात. बॅरलनं मोजलेलं पाणीही तेवढंच निघालं होतं. म्हणजे पंप ठणठणीत आहे, नेमप्लेटप्रमाणं काम करतोय. ४१.५ मीटरपैकी २४ मीटर उंचीत गेले आणि उरलेले १७.५ मीटर पाइपनं खाल्ले. पंपाच्या शंभर रुपयांतले बेचाळीस रुपये लाईनमध्येच संपतात.

*साडेसातचा पंप टाकला तर*

दुकानदारानं दिलेल्या ७.५ एचपीच्या पंपाचा तक्ता: पाणी शून्य असताना ६४ मीटर, ४ लिटरला ५८, ५ लिटरला ५४, ६ लिटरला ५०, ७ लिटरला ४४ मीटर.

पाइपची रेघ तीच राहते, कारण पाइप तोच आहे. ५ लिटरला पाइप ४६.५ मागतो आणि पंप ५४ देतो. ६ लिटरला पाइप ५५.५ मागतो आणि पंप ५० च देतो. रेघा साडेपाच लिटरच्या आसपास कापतात.

एचपी दीडपट झाला, पाणी मात्र ४.३ वरून ५.५. म्हणजे साधारण पाव पटीनं वाढलं. तरी आठ तासांत दीड लाखाच्या वर पाणी मिळेल आणि गरज भागेल, हे खरंच. पण कागदावर आणखी तीन गोष्टी दिसल्या.

एक, या पंपाचं कामाचं हेड जवळपास ५२ मीटर. त्यातले २८ मीटर नुसतं घर्षण. निम्म्याहून जास्त ताकद पाइप घासण्यात गेली.

दोन, विहिरीच्या काठावर पाइपमधला दाब. ५२ मधून विहिरीतली १२ मीटर उंची वजा केली तर ४० मीटर, म्हणजे ४ किलो. लाईन ४ किलोचीच आहे. रोज तिला कमाल दाबावर चालवायचं. चुकून पुढचा व्हॉल्व्ह बंद राहिला तर पंप ६४ मीटरला जाऊन उभा राहील आणि काठावर ५.२ किलो दाब येईल. सांधे सुटणार, नाहीतर पाइप फुटणार, तेही ऐन उन्हाळ्यात. जुन्या पंपाला व्हॉल्व्ह बंद झाला तरी काठावर ३.८ किलोच येतात, म्हणून ही लाईन इतकी वर्षं टिकली.

तीन, केबल, स्टार्टर आणि महावितरणकडचा मंजूर भार, तिन्ही बदलावे लागतात. पंपाच्या कोटेशनमध्ये हा खर्च दिसत नाही.

*पंप तोच ठेवून पाइप बदलला तर*

आता उलटं करू. पंपाची रेघ तीच ठेवू आणि पाइपची रेघ खाली आणू.

६३ ऐवजी ७५ मिमीची लाईन टाकली तर घर्षण साधारण ४० टक्क्यांवर येतं. ४ लिटरला १५ ऐवजी ६ मीटर, ५ लिटरला साडेनऊ, ६ लिटरला १३. त्यात २४ मिळवले की पाइपची मागणी ३०, ३३.५ आणि ३७ होते. पंप देतो ४३, ३९ आणि ३४. रेघा ५.६ लिटरवर कापतात.

म्हणजे जुना ५ एचपीचा पंप ७५ मिमीच्या लाईनवर तितकंच पाणी देतो, जितकं ७.५ एचपीचा पंप जुन्या ६३ च्या लाईनवर देतो. शिवाय दाब वाढत नाही, उलट कमी होतो.

पण जुनी लाईन चांगली असताना उपटायची कशाला? तिसरा पर्याय काढून बघितला. जुन्या ६३ च्या शेजारी दुसरी ६३ ची लाईन टाकायची आणि दोन्ही टोकांना जोडायची. ६ लिटर पाणी जायचं असेल तर प्रत्येक लाईनमधून ३ लिटरच जातं. ३ लिटरला घर्षण ९ मीटर. दोन लाईन शेजारी शेजारी असल्या की घर्षणाची बेरीज करायची नसते, दोन्हीकडं तेच ९ मीटर. मागणी ३३ मीटर, पंप देतो ३४. म्हणजे ६ लिटरच्या किंचित वर रेघा कापतात.

आठ तासांत १ लाख ७० हजार लिटरच्या वर. हवं होतं दीड लाख. पंप तोच, स्टार्टर तोच, मंजूर भार तोच. खर्च चारीचा आणि ६ मीटरच्या साठ नग पाइपचा. सभासदानं हाच मार्ग धरला.

इथं एक खबरदारी आहे. चारी खणायच्या आधी विहिरीला विचारा. सेकंदाला ६ लिटर उपसा आठ तास चालला तर विहीर तितकं पाणी देते का? झरे कमी असतील तर पाण्याची पातळी पटापट खाली जाईल, उंचीचा आकडा वाढेल आणि पंप कोरडा पडायची भीती. विहीरच कमी पडत असेल तर मोठा पंपही कामाचा नाही आणि मोठा पाइपही.

*मग साडेसातचा पंप कधी घ्यायचा?*

पाइपची मागणी मुख्यतः उंचीची असेल तेव्हा. उंची ४५ मीटर आणि पाइप आखूड, मोठ्या मापाचा, अशा ठिकाणी या ५ एचपीच्या पंपाच्या तक्त्यात ४५ मीटरला जेमतेम ३ लिटर मिळतात. तिथं पाइप आणखी मोठा केला तरी उंची कमी होत नाही, पाणी फारसं वाढत नाही. तिथं जास्त हेडचाच पंप हवा.

ओळखायची खूण अशी: एकूण हेडमध्ये घर्षणाचा वाटा किती ते काढा. वाटा मोठा असेल तर आधी पाइपकडं बघा. उंचीचा वाटा मोठा असेल तर पंपाकडं बघा.

*पाणी अचानक कमी झालं, दोष कुणाचा?*

ही दोन रेघांची वही नवीन खरेदीपुरती नाही. चालू पंपाचा आजारही ती सांगते. त्यासाठी दोन मोजमापं एकाच वेळी घ्यायची: हौदावर बॅरल आणि विहिरीवर गेज.

समजा या जुन्या लाईनवर बॅरल भरायला ४६ ऐवजी ६० सेकंद लागायला लागले. म्हणजे पाणी ३.३ लिटरवर आलं. आता गेज बघा. गेजच्या मीटरमध्ये विहिरीतली १२ मीटर उंची मिळवली की पंपाचं हेड मिळतं. चांगल्या दिवसात गेज साधारण २.९५ किलो दाखवत होतं: २९.५ आणि १२ मिळून ४१.५.

*गेज वर चढलं, ३.३ किलोच्या आसपास:* हेड ३३ + १२ = ४५ मीटर. तक्त्यात ३.३ लिटरला पंप तेवढंच देतो. म्हणजे पंप आपल्या रेघेवरच आहे, फक्त रेघेवर डावीकडं सरकलाय. पुढं काहीतरी अडलंय. अर्धवट बंद व्हॉल्व्ह, पाइपमधला गाळ, चेपलेला पाइप, उंच जागी अडकलेली हवा. पंप वर काढू नका, लाईन तपासा.

*गेज खाली उतरलं, २.२५ किलोच्या आसपास:* हेड २२.५ + १२ = ३४.५ मीटर. ३.३ लिटरला पंपानं ४५ द्यायला हवे होते, देतोय ३४.५. पंप आपल्या रेघेच्या दहा मीटर खाली आहे. इथं लाईनमध्ये शोधून काही सापडणार नाही. जाळीत कचरा, झिजलेला इम्पेलर, विहिरीतल्या पाइपची गळती किंवा कमी व्होल्टेज. आणि नुकतीच केबल किंवा स्टार्टर बदलला असेल तर आधी मोटार उलटी फिरतेय का ते बघा. थ्री फेजमध्ये दोन वायरींची अदलाबदल झाली की पंप उलटा फिरतो, आवाज करतो, पाणीही देतो, पण दाब बनत नाही. दोन वायरी परत बदलल्या की काम झालं.

पाणी दोन्ही वेळा सारखंच कमी. गेज नसेल तर फरक कळत नाही, आणि मेकॅनिक आला की पंप वर निघतोच. साधं गेज आणि बॅरल असला तर ही धावपळ वाचते.

तिसराही प्रकार असतो. गेजवर दाब कमी आणि हौदावर पाणीही कमी, पण लाईनमध्ये मध्येच फुटकं असतं. तेव्हा पंप जास्त पाणी टाकत असतो, ते रानात मुरतं. लाईनवरून एकदा चालत जा, ओल दिसते का बघा. मगच पंपाला दोष द्या.

*रेघ ऋतूप्रमाणं सरकते*

विहिरीतलं पाणी वर-खाली झालं की उंचीचा आकडा बदलतो आणि पाइपची रेघ अख्खीच वर किंवा खाली सरकते. या सभासदाच्या जुन्या लाईनवर मे महिन्यात पाणी आणखी ६ मीटर खाली गेलं, तर उंची ३० मीटर होते आणि पाणी ३.८ लिटरवर येतं. पंप बिघडलेला नसतो. म्हणून गणित नेहमी मे महिन्याच्या पातळीवर करा, जानेवारीच्या नाही. दोन लाईन असल्या तरी मे मध्ये पाणी थोडं उतरणारच, ते धरून चाला.

पावसाळ्यात उलटं होतं. विहीर भरली, उंची १८ मीटरवर आली आणि आता दोन लाईन आहेत. तेव्हा पंप ६.८ लिटरच्या आसपास जाऊन बसेल. पाणी भरपूर, पण पंपाच्या रेघेच्या उजव्या टोकाकडं जाताना मोटारीवर बोजा वाढतो. स्टार्टरवरच्या अँपिअर मीटरचा आकडा नेमप्लेटवरच्या कमाल अँपिअरच्या वर जात असेल, तर गेट व्हॉल्व्ह थोडा आवळा. व्हॉल्व्ह आवळणं म्हणजे मुद्दाम घर्षण वाढवून पंपाला डावीकडं सरकवणं. पाणी जरा कमी होईल, पण मोटार तापणार नाही.

*थेट ड्रिप चालवत असाल तर*

हौद नाही, विहिरीवरून थेट ड्रिप, असं बऱ्याच सभासदांचं आहे. त्यांनी उंची आणि घर्षणात ड्रिपचा दाबही मिळवायचा: लॅटरलला साधारण १० मीटर, आणि वर फिल्टर, व्हेंचुरी, सबमेन यांचा खर्च. सगळं मिळून १८ मीटर धरले तर याच ५ एचपीच्या पंपावर आणि जुन्या ६३ च्या लाईनवर पाणी २.३ लिटरच्या आसपास येतं. म्हणजे तासाला ८ हजार ३०० लिटरच्या जवळपास. ४ लिटरचे ड्रिपर असतील तर एका वेळी दोन हजारच ड्रिपर चालतील. त्याहून मोठा सेक्शन उघडला की दाब पडतो आणि शेवटच्या झाडांना पाणी पोचत नाही. एका वेळी किती रान भिजवायचं, हे ऑपरेटिंग पॉइंट बघून ठरवा.

*या आठवड्यात करायचं काम*

१. विहिरीतलं पाणी काठापासून किती खाली आहे ते मोजा. मे महिन्यात किती खाली जातं तेही आठवून लिहा.

२. पाणी पडतं तिथं २०० लिटरचा बॅरल लावा, घड्याळ लावून तीनदा भरा आणि सरासरी काढा. २०० ला सेकंदांनी भागलं की लिटर प्रति सेकंद.

३. विहिरीच्या काठावर गेज बसवून दोन आकडे लिहा: पंप चालू असताना आणि लाईन भरून पंप बंद केल्यावर.

४. पाइपचं माप, किलो, लांबी आणि पंपाच्या नेमप्लेटचा फोटो.

ज्यांना रेघा काढायला अवघड वाटतं त्यांनी एवढे आकडे कंपनीच्या कार्यालयात घेऊन या. पंपाचा तक्ता काढून, सोबत बसून रेघा मारू. ज्यांनी नव्या पंपाची इसारत अजून दिलेली नाही, त्यांनी आधी या.

आपली,
शेतकरी उत्पादक कंपनी, सिंचन विभाग